कमिशनचा रकाना आणि दोन परताव्यांमधला फरक

युनिट-लिंक्ड विमा पॉलिसी, म्हणजे लोक ज्याला युलिप म्हणतात ती, विकताना एजंटला किती कमिशन मिळणार आहे हे ग्राहकाला रुपयांत लिहून दाखवणे २०१० च्या १ जुलैपासून बंधनकारक झाले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून पॉलिसीतून कापल्या जाणाऱ्या आकारांवर वर्षवार मर्यादा आली आणि त्या आकारांचा एकत्रित परिणाम दोन परताव्यांमधल्या फरकाच्या रूपाने सांगणे भाग पडले. विमा कंपन्यांनी ग्राहकांना पाठवलेल्या परिपत्रकांत या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितलेल्या असत. वाचणाऱ्याचे लक्ष साहजिकच पहिलीकडे जाई. एजंट किती कमावतो हे कोणाला जाणून घ्यायचे नसते? ग्राहकाच्या पैशाच्या दृष्टीने मात्र दुसरी गोष्ट कितीतरी मोठी होती आणि आजही आहे.

हा बदल नेमका तेव्हाच का झाला, हे कळायला त्याआधीची घडामोड पाहावी लागते. शेअर बाजाराच्या तेजीत युलिपची विक्री झपाट्याने वाढली होती. या पॉलिसीत हप्त्याचा काही भाग विमा संरक्षणावर खर्च होतो आणि उरलेला बाजारात गुंतवला जातो. त्या काळी विमा कायद्यानुसार दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता येत असे. नव्या कंपन्यांना पहिल्या दहा वर्षांत ही मर्यादा ४० टक्के होती. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्के. कमिशनचा असा उतार असला की कंपनीही आपला खर्च पहिल्याच वर्षी वसूल करते. म्हणून अनेक युलिपमध्ये पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा गुंतवणुकीपर्यंत पोहोचतच नसे.

२००९ च्या १ ऑगस्टला सेबीने म्युच्युअल फंडांवरचा प्रवेश-आकार बंद केला. ज्या विक्रेत्यांचे उत्पन्न त्या आकारातून येत होते, त्यांना युलिप अधिकच आकर्षक दिसू लागले. त्याच वर्षी डी. स्वरूप यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने वित्तीय उत्पादनांवरचे कमिशन टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची सूचना केली. मग २०१० च्या ९ एप्रिलला सेबीने १४ विमा कंपन्यांना आदेश दिला की आपल्या नोंदणीशिवाय युलिप विकू नयेत. तेव्हा सेबीचे अध्यक्ष होते चंद्रशेखर भावे आणि विमा नियामकाचे जे. हरिनारायण. दोन सरकारी नियामक उघडपणे एकमेकांसमोर उभे ठाकले. जूनच्या १८ तारखेला निघालेल्या वटहुकमाने युलिप विमा नियामकाच्या ताब्यात राहील असे ठरले. अधिकारक्षेत्राची लढाई विमा नियामकाने जिंकली. पण आकारांबद्दलची टीका खरी होती आणि तिला उत्तर देणे आता त्याच्यावर आले. कमिशन उघड करण्याचा आणि आकारांना लगाम घालण्याचा नियम एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात अमलात आला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

नियम कागदावर उतरतो तो ज्याला बाजारात सगळे बेनिफिट इलस्ट्रेशन किंवा नुसते इलस्ट्रेशन म्हणतात त्या तक्त्यात. पॉलिसी घेण्याआधी ग्राहक आणि एजंट दोघांनी त्यावर सही करायची असते. वर्षवार हप्ता, कापले जाणारे आकार, वर्षाअखेरची फंड व्हॅल्यू, पॉलिसी सोडल्यास मिळणारी रक्कम आणि मृत्यू झाल्यास मिळणारी रक्कम त्यात असते. आकडे दोन गृहीत दरांनी मांडलेले असतात. पूर्वी हे दर ६ आणि १० टक्के होते, नंतर ते ४ आणि ८ टक्क्यांवर आणले गेले. ते परताव्याचे आश्वासन नव्हे, अंदाजाचे वरचे टोक आणि खालचे टोकही नव्हे. सगळ्या कंपन्यांनी एकच माप वापरावे एवढ्यासाठी ते ठरवून दिलेले आहेत. बाजार उणे २० टक्केही जाऊ शकतो, तक्ता त्याबद्दल काही बोलत नाही.

तक्त्याच्या एका कडेला मध्यस्थाला मिळणाऱ्या कमिशनचा रकाना असतो. हा रकाना वाचताना हमखास एक गैरसमज होतो. आकारांच्या रकान्यात ३,००० रुपये आणि कमिशनच्या रकान्यात २,००० रुपये दिसले, की ग्राहक दोन्हींची बेरीज करून आपले ५,००० गेले असे मानतो. तसे नसते. कमिशन कंपनी देते आणि ते तिने ग्राहकाकडून आधीच घेतलेल्या आकारांतून निघते. खिशातून जातात ते ३,००० रुपये; त्यातले २,००० कुठे गेले एवढेच दुसरा रकाना सांगतो.

आकार तीन वेगवेगळ्या ठिकाणी कापले जातात, आणि त्यातले एक ठिकाण ग्राहकाला दिसतच नाही. हप्ता भरला की युनिट घेण्याआधीच त्यातून वाटप आकार वजा होतो. उरलेल्या पैशांचे युनिट जमा झाले की दर महिन्याला काही युनिट रद्द करून पॉलिसी प्रशासनाचा आकार आणि विमा संरक्षणाचा, म्हणजे मृत्यू-जोखमीचा आकार घेतला जातो. कंपनीकडून येणाऱ्या विवरणपत्रात ही वजावट युनिटच्या संख्येत दिसते. तिसरा आहे फंड व्यवस्थापनाचा आकार. तो रोजच्या रोज फंडाच्या मालमत्तेतून कापला जातो आणि मगच त्या दिवसाची एनएव्ही जाहीर होते. विवरणपत्रात त्याची ओळ नसते, युनिट कमी होत नाहीत, कोणी मागायलाही येत नाही. नियमाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला १.३५ टक्के आहे. ऐकायला ती क्षुल्लक वाटते, पण पहिले दोन आकार हप्त्यावर किंवा ठरावीक रकमेवर असतात आणि हा साचत गेलेल्या संपूर्ण रकमेवर, दर वर्षी असतो.

असे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रकमेवर कापले जाणारे आकार एका आकड्यात कसे मांडायचे? नियामकाने यासाठी परताव्यातली घट हे माप स्वीकारले. फंडाने आकार कापण्याआधी वर्षाला ८ टक्के कमावले असे धरायचे. मग आकार वजा जाऊन ग्राहकाच्या हाती जी रक्कम येते तिच्यावरून त्याला प्रत्यक्षात किती टक्के पडले ते काढायचे. पहिला आकडा ढोबळ परतावा, दुसरा निव्वळ परतावा. दोन्हींमधला फरक हीच त्या पॉलिसीची खरी किंमत.

या फरकावर मर्यादा २००९ मध्येच घातली गेली होती: दहा वर्षांपर्यंतच्या पॉलिसीला ३ टक्के, त्याहून लांब पॉलिसीला २.२५ टक्के. पण ती मोजायची होती मुदत संपताना. तिथेच पळवाट होती. पहिल्या दोन वर्षांत भरमसाट कापून पुढे कमी कापले, तरी दहा-पंधरा वर्षांच्या सरासरीत ते पुष्कळसे विरघळते. मुदतीपर्यंत टिकणाऱ्या ग्राहकाला मर्यादेचा फायदा मिळे. तीन वर्षांचा लॉक-इन संपताच बाहेर पडणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. आणि त्या काळी तीनच हप्ते भरा, मग थांबलात तरी चालेल असे सांगून पॉलिसी सर्रास विकली जात असे.

२०१० च्या नियमाने मोजण्याची वेळ बदलली. लॉक-इन तीनवरून पाच वर्षांवर गेला आणि पाचव्या वर्षापासून पुढे प्रत्येक वर्षाअखेर वेगळी मर्यादा आली. पाचव्या वर्षी फरक ४ टक्क्यांच्या आत, सहाव्या वर्षी ३.७५, सातव्या वर्षी ३.५०, आणि असे उतरत दहाव्या वर्षी ३ टक्के, पंधराव्या वर्षापासून २.२५ टक्के. शिवाय लॉक-इनच्या काळात आकार साधारण समान वाटून घ्यावेत, असेही बजावले गेले.

एका काल्पनिक पॉलिसीवर हे करून पाहता येते. हप्ता वर्षाला ५०,००० रुपये, दहा वर्षे भरायचा, मुदतही दहा वर्षे. आकार नव्या नियमाच्या धाटणीचे: वाटप आकार पहिल्या वर्षी हप्त्याच्या ६ टक्के, दुसऱ्या ते पाचव्या वर्षी ४ टक्के, पुढे २ टक्के. प्रशासन आकार महिन्याला १०० रुपये, हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच १,२०० धरलेला. फंड व्यवस्थापन १.३५ टक्के. मृत्यू-जोखमीचा आकार तूर्त बाजूला ठेवला आहे, त्याचे कारण पुढे येईल.

पहिल्या वर्षी ५०,००० मधून ३,००० आणि १,२०० गेले, गुंतले ४५,८००. फंडाने ८ टक्के कमावले, त्यातून व्यवस्थापन आकार गेला, वर्षाअखेर उरले सुमारे ४८,८००. भरले त्यापेक्षा कमीच. याच रीतीने पुढे गेल्यास तिसऱ्या वर्षाअखेर दीड लाख भरून सुमारे १,५८,४०० होतात, पाचव्या वर्षाअखेर अडीच लाख भरून २,८२,७६० आणि दहाव्या वर्षाअखेर पाच लाख भरून ६,७८,३७३. पाचव्या वर्षी निव्वळ परतावा ४.१३ टक्के पडतो, म्हणजे ढोबळ ८ पेक्षा ३.८७ ने कमी. मर्यादा ४ ची, पॉलिसी जेमतेम आत बसली. दहाव्या वर्षी निव्वळ परतावा ५.४८ टक्के, फरक २.५२, मर्यादा ३ ची.

आता आकारांची रचना फक्त जुन्या पद्धतीची करायची: वाटप आकार पहिल्या वर्षी ३० टक्के, दुसऱ्या वर्षी १५ टक्के, तिसऱ्यापासून २ टक्के, बाकी सगळे तेच. तिसऱ्या वर्षाअखेर दीड लाख भरलेल्या ग्राहकाच्या खात्यात १,३८,७०० रुपये निघतात. फंडाने तिन्ही वर्षे ८ टक्के कमावूनही हा माणूस तोट्यात! पाचव्या वर्षी निव्वळ परतावा १.६४ टक्के, फरक ६.३६. नव्या नियमाखाली अशी पॉलिसी बाजारात येऊच शकत नाही. पण दहाव्या वर्षाअखेर हीच पॉलिसी ६,५०,७०० रुपयांवर पोहोचते आणि फरक ३.२६ पर्यंत उतरतो. २००९ च्या मर्यादेत बसवायला आकारांना थोडीशी कात्री लावली की पुरे, पहिल्या वर्षीची मोठी कापणी जवळपास तशीच ठेवता आली असती. मर्यादेचा आकडा तोच ठेवून ती कधी मोजायची एवढे बदलल्याने काय साधले, ते इथे दिसते.

आता कमिशनच्या रकान्याकडे वळता येईल. या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ४ टक्के आणि पुढे २ टक्के कमिशन आहे असे धरले, तर दहा वर्षांत एजंटला मिळतात २,००० आणि नऊ वेळा १,०००, मिळून ११,००० रुपये. आकार मुळीच नसते तर दहाव्या वर्षाअखेर खात्यात ७,८२,२७४ रुपये असते. प्रत्यक्षात आहेत ६,७८,३७३. म्हणजे पडलेली तूट १,०३,९०० रुपयांची. ती कशाची? वाटप आकाराचे १६,०००, प्रशासनाचे १२,०००, फंड व्यवस्थापनाचे सुमारे ४६,०००, आणि उरलेले जवळजवळ ३०,००० हे कापलेल्या पैशांवर पुढे जी वाढ झाली असती ती न झाल्याचे. ज्या रकान्यावरून एजंटशी वाद होतो तो ११,००० चा आहे; ज्या आकाराची विवरणपत्रात ओळच नाही तो त्याच्या चौपटीहून मोठा आहे. कमिशन शून्य असलेली, कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट घेतलेली पॉलिसीही म्हणूनच आपोआप स्वस्त ठरत नाही. तिचा निव्वळ परतावा पाहावा लागतो.

निव्वळ परताव्याचा आकडा स्वतः तपासणे अवघड नाही. संगणकावरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हप्त्यांची संख्या, हप्ता आणि शेवटची रक्कम घातली की तो मिळतो. वरच्या उदाहरणासाठी सूत्र असे:

```
=RATE(10,-50000,0,678373,1)
```

यातला शेवटचा 1 हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो हे सांगतो. तो विसरला तर उत्तर जास्त येते. इलस्ट्रेशनवरची ८ टक्क्यांच्या बाजूची अखेरची फंड व्हॅल्यू या सूत्रात घातली, की बहुधा कागदावर छापलेल्या निव्वळ परताव्यापेक्षा थोडे कमी उत्तर येते. तिथे घोटाळा झाला असे समजण्याचे कारण नाही. छापलेला आकडा काढताना मृत्यू-जोखमीचा आकार, करांची रक्कम आणि रायडरचा खर्च नियमानुसार वगळलेले असतात, फंड व्हॅल्यूतून मात्र ते गेलेले असतात.

हीच या नियमाची मोठी मर्यादा. विमा संरक्षणाची किंमत वयानुसार बदलते, म्हणून तुलनेचे माप सर्वांसाठी सारखे राहावे या हेतूने ती वगळली आहे, आणि हेतू समजण्याजोगा आहे. पण त्यामुळे तिशीतला आणि पंचावन्न वर्षांचा असे दोघे ग्राहक कागदावर एकच निव्वळ परतावा पाहतात आणि हाती वेगळी रक्कम घेऊन जातात. मृत्यू-जोखमीचा आकार जोखमीखालच्या रकमेवर लागतो. विमा रक्कम पाच लाख आणि फंडात एक लाख असतील, आणि मृत्यूनंतर या दोन्हींपैकी मोठी रक्कम द्यायची असेल, तर कंपनीच्या अंगावर जोखीम चार लाखांची. दर हजारी ४ रुपये असेल तर वर्षाला १,६०० रुपये. फंड वाढत जातो तशी जोखमीची रक्कम घटते, पण वय वाढते तसा दर चढतो. उतारवयात घेतलेल्या युलिपमध्ये ही ओळ दुर्लक्ष करण्याइतकी लहान नसते. सूत्रातून आलेला आकडा आणि छापलेला निव्वळ परतावा यांतले अंतर जितके मोठे, तितका विमा महाग पडतो आहे असे समजावे.

करांचा रकाना आता बदलला आहे. आधी सेवा कर आणि नंतर जीएसटी आकारांवर लागत असे, शेवटी १८ टक्के. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक जीवनविमा पॉलिसींना जीएसटीतून सूट मिळाली. त्याआधी छापलेली इलस्ट्रेशन आणि नंतरची इलस्ट्रेशन शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर हा फरक आधी बाजूला काढावा लागतो, नाहीतर नव्या पॉलिसीचे आकार कमी केले आहेत असा भास होतो.

कमिशनच्या दरांबाबतही चित्र पालटले आहे. २०२३ च्या १ एप्रिलपासून प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीला वेगळी कमिशन-मर्यादा ठरवून देण्याची पद्धत नियामकाने सोडली. कंपनीच्या संचालक मंडळाने आपले धोरण ठरवायचे आणि एकूण व्यवस्थापन खर्च घालून दिलेल्या हद्दीत ठेवायचा, असे नवे सूत्र आले. त्यामुळे पूर्वीसारखा कायद्यातला दर पाहून अंदाज बांधता येत नाही. दोन कंपन्यांच्या जवळपास सारख्या पॉलिसींवर वेगवेगळे कमिशन असू शकते, आणि युलिपच्या बाबतीत ते कळण्याची ग्राहकाची हक्काची जागा म्हणजे तोच इलस्ट्रेशनमधला रकाना. जास्त कमिशन असलेली पॉलिसी वाईटच असते असे नाही. पण एजंट दोन पॉलिसींपैकी एकीचा आग्रह धरत असेल तर दोन्हींचे रकाने शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

कमिशन उघड झाल्यावर एक जुना व्यवहार नव्याने उफाळून आला. रकाना दिसताच ग्राहक म्हणतो, यातले अर्धे मला परत दे. काही एजंट स्वतःच तशी लालूच दाखवतात, पहिला हप्ता मी भरतो म्हणतात. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार हे बेकायदा आहे. कमिशनचा कोणताही भाग सवलत म्हणून देणे आणि ती घेणे, दोन्हींना मनाई आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याआधी तो ५०० रुपये होता, म्हणजे कोणी गांभीर्याने घेत नसे. कमिशन दाखवण्यामागचा हेतू सौदेबाजी हा नाही. सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ कुठे आहे हे ग्राहकाला कळावे एवढाच आहे.

परिपत्रक हाती आल्यावर सर्वात आधी त्यातली लागू होण्याची तारीख पाहायची असते, आणि नेमकी तीच बहुतेकजण ओलांडून जातात. २०१० चा आकारांवरचा नियम १ सप्टेंबरपासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींना लागला. २००७ मध्ये घेतलेली पॉलिसी तिच्या जुन्या अटींनीच चालू राहिली; तिचा लॉक-इन तीन वर्षांचाच राहिला आणि आकारही करारात होते तेच. परिपत्रक वाचून आपले आकार आता कमी झाले अशा समजुतीत राहिलेल्यांची संख्या लहान नसावी. उलट दिशेची चूक अधिक महागात पडते. नियम बदलले, जुनी पॉलिसी मोडून नवी घ्या, असे सांगत विक्रेते दारात येतात. जुन्या पॉलिसीत मोठे आकार पहिल्या दोन-तीन वर्षांतच कापले गेलेले असतात आणि पुढची वर्षे तुलनेने स्वस्त असतात. वरच्या जुन्या धाटणीच्या उदाहरणात तिसऱ्या वर्षापासून वाटप आकार फक्त २ टक्के आहे, तर नव्या पॉलिसीत पहिली पाच वर्षे ४ ते ६ टक्के. जुनी मोडून नवी घेणारा माणूस महागडी वर्षे दोनदा भोगतो, आणि नव्या पॉलिसीवर कोणाला तरी पहिल्या वर्षाचे कमिशन पुन्हा मिळते.

नव्या नियमाखालची युलिप पाच वर्षांच्या आत बंद केली तर पैसे लगेच हाती येत नाहीत. बंद करण्याचा आकार कापून उरलेली रक्कम वेगळ्या फंडात ठेवली जाते, तिच्यावर नियमाने ठरलेले किमान व्याज मिळते आणि लॉक-इन संपल्यावर ती दिली जाते. बंद करण्याच्या आकारालाही मर्यादा आहे. आज वर्षाचा हप्ता ५०,००० रुपयांपर्यंत असेल तर पहिल्या वर्षी तो जास्तीत जास्त ३,००० रुपये, मग २,०००, १,५०० आणि १,००० असा उतरतो आणि पाचव्या वर्षापासून शून्य होतो. २०१० पूर्वी पहिल्या वर्षी पॉलिसी सोडणाऱ्याला काही वेळा जवळपास सगळ्यावर पाणी सोडावे लागे, ते आता होत नाही.

राहतो तो पारंपरिक पॉलिसींचा प्रश्न: एंडोमेंट, मनीबॅक, आजन्म विमा. महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्या पॉलिसींचे कागद कपाटात जपून ठेवलेले असतात, त्या बहुतांश याच. २०१० चे हे बंधन युनिट-लिंक्ड पॉलिसींपुरते होते. पारंपरिक पॉलिसीत हप्त्यातून वेगळे आकार कापून दाखवण्याची रचनाच नाही. सगळे हप्ते एका मोठ्या निधीत जातात, खर्च आणि कमिशन त्यातूनच भागते आणि ग्राहकाला दिसतात फक्त विमा रक्कम आणि बोनस. ढोबळ आणि निव्वळ परताव्याचा फरक तिथे काढता येत नाही, कारण ढोबळ आकडाच समोर नसतो. निव्वळ आकडा मात्र वरच्याच सूत्राने निघतो. मुदतीअखेर किती मिळेल ती रक्कम घालायची. त्यात हमी दिलेली रक्कम आणि केवळ अंदाजाने दाखवलेला बोनस वेगळे करून दोनदा हिशेब करायचा. वर्षाला ५०,००० प्रमाणे दहा हप्ते आणि त्यानंतर लगेच साडेसहा लाख, असे कोणी अभिमानाने सांगत असेल तर तो परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो.

हा हिशेब पॉलिसी घेण्याआधी झाला तर उत्तमच. नंतर झाला तरी पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवस ती परत करण्याची मुभा २०२४ च्या नियमांनी दिली आहे. या मुदतीत परत केलेल्या युलिपमध्ये कापलेले वाटप आकार आणि रद्द केलेल्या युनिटमधून घेतलेले आकार परत मिळतात, त्या दिवसाची फंड व्हॅल्यू मिळते, आणि वजा होतो तो फक्त तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. सही केलेल्या इलस्ट्रेशनची प्रत पॉलिसीच्या कागदांत नसेल, किंवा तिच्यावरची सही आपली नसेल, तर ती तक्रार याच ३० दिवसांत कंपनीकडे लेखी द्यावी.